मागचा टायर लवकर झिजतो म्हणून होणाऱ्या या चुका टाळा

रोजच्या वापरातल्या मोटरसायकलचा मागचा टायर पुढच्याआधी संपला की अनेकांना गाडीत काहीतरी बिघाड आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो बिघाड नसतो. इंजिनाचा जोर रस्त्यापर्यंत पोहोचवण्याचे काम एकटे मागचे चाक करते. चालवणाऱ्याचे बरेचसे आणि मागे बसणाऱ्याचे जवळजवळ सगळे वजन त्याच चाकावर येते, आणि दर वेळी वेग घेताना त्याचे रबर रस्त्यावर किंचित घसरत पुढे जाते. पुढच्या एका टायरच्या आयुष्यात मागचे साधारण दोन टायर बदलावे लागणे म्हणूनच नेहमीचे आहे. टायर किती लवकर झिजला यापेक्षा तो कसा झिजला, हे पाहायला हवे, आणि नेमके तेच कोणी पाहत नाही.

झीज पाहताना पहिली चूक होते ती मोटारीचा नियम मोटरसायकलला लावल्यामुळे. टायर मध्यभागी घासला म्हणजे हवा जास्त, हा मोटारीचा ठोकताळा येथे चालत नाही. शहरातली मोटरसायकल बहुतेक वेळ सरळ उभी धावते, त्यामुळे मागच्या टायरचा मधला पट्टा हवा अगदी योग्य असली तरी आधी सपाट होतो. हे ठाऊक नसलेली मंडळी मधला भाग घासलेला पाहून हवा कमी करतात, आणि मग टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि आणखी लवकर जातो.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त छळते, कारण तिचा दोष नेहमी टायरच्या माथी मारला जातो. ओळखीतल्या एका तरुणाचा मागचा टायर जेमतेम ९,००० किलोमीटरवर संपला आणि त्याने ‘टायरच खराब निघाला’ असा निकाल देऊन टाकला. नवा असताना त्या टायरच्या खाचा ७ मिलिमीटर खोल होत्या. चाक फिरवत मध्यरेषेवर तीन ठिकाणी खोली मोजली, तेव्हा दोन ठिकाणी ती ३ मिलिमीटरच्या आसपास भरली आणि तिसऱ्या ठिकाणी केवळ १.४. टायरचे रबरच हलके असते तर तो सगळ्या परिघावर सारखा झिजला असता. एकाच जागी एवढा फरक दिसतो, तेव्हा चाक जाम होऊन रस्त्यावर फरफटत गेलेले असते, आणि एकदा सपाट झालेली जागा पुढे भराभर झिजत जाते.

मग चाक जाम का होत होते? काही महिन्यांपूर्वी त्याने चेन ताणून घेतली होती. चेन ताणताना मागचे चाक आसासह मागे सरकवावे लागते, आणि ज्या गाडीला मागे ड्रम ब्रेक असतो तिच्यात चाकाबरोबर ब्रेकची कांडीही ओढली जाते. त्यामुळे पेडलची मोकळी चाल नाहीशी होते. चेन ताणल्यावर कांडीच्या टोकाचा नट सैल करून ती चाल पुन्हा आणावी लागते. बहुतेक गाड्यांत ती २० ते ३० मिलिमीटर असावी लागते, आणि नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. ते कोणी केले नव्हते. त्यात या गृहस्थांना पुढचा ब्रेक वापरायची भीती, त्यामुळे प्रत्येक चौकात पेडलला जरा पाय लागला की मागचे चाक थांबायचे आणि गाडी मात्र पुढे जायची. ब्रेक लावताना वजन पुढे सरकते आणि मागचे चाक हलके होते. एकट्या मागच्या ब्रेकवर भरवसा ठेवणे म्हणजे हलक्या झालेल्या चाकाकडून सर्वांत जड काम करून घेणे आहे.

चाल नीट करून आणि दोन्ही ब्रेक एकत्र वापरण्याची सवय लावून त्याने मागचा नवा टायर काळजीपूर्वक चालवला. ६,००० किलोमीटरवर खोली सर्वत्र ५.४ मिलिमीटर होती, म्हणजे झीज १.६ मिलिमीटर. टायर १.५ मिलिमीटरवर बदलायचा असे ठरवले, तर वापरायला ५.५ मिलिमीटर मिळतात, आणि त्याच वेगाने झीज होत राहिली तर तो टायर सुमारे २०,००० किलोमीटर चालेल. आधीच्या दुप्पट आयुष्य एका नटावर आणि एका सवयीवर अवलंबून होते.

‘किती किलोमीटरनंतर बदलू?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी हाच हिशेब देतो, कारण दुसऱ्याच्या गाडीचा आकडा तुमच्या वजनाला, रस्त्याला आणि उजव्या हाताच्या घाईला लागू पडत नाही. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात आणि त्यांची जागा टायरच्या बाजूवर ‘टीडब्ल्यूआय’ अशा अक्षरांनी किंवा लहान त्रिकोणाने दाखवलेली असते. मोटरसायकलच्या टायरमध्ये हे उंचवटे बहुधा ०.८ मिलिमीटर उंचीचे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की टायर संपला. त्यानंतरही महिना ढकलणारे लोक नेमके पावसात घसरतात. ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारण्याचे काम खाचाच करतात, म्हणून मी १.५ मिलिमीटरलाच थांबतो. खोली दर दोन-तीन महिन्यांनी, नेहमी मध्यरेषेवर मोजावी. कडेला मोजून ‘अजून भरपूर आहे’ म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे, कारण कडा रस्त्याला फारशा लागतच नाहीत.

तिसरी चूक काटकसरीच्या नावाखाली होते. पुढचा टायर अजून चांगला दिसतो, म्हणून काहीजण तोच मागे बसवायला निघतात. एका साध्या गाडीला पुढे ८०/१००-१७ आणि ४६ भारांकाचा, तर मागे १००/९०-१७ आणि ५५ भारांकाचा टायर असला, तर ४६ म्हणजे १७० किलो आणि ५५ म्हणजे २१८ किलो एवढी वाहण्याची क्षमता असते. दोघेजण आणि सामान घेऊन पुढचा टायर मागे चालवणे म्हणजे हा फरक नाकारणे होय.

त्याच्या उलट बाजूला असा एक वर्ग आहे, जो मागचे टायर वेळेवर बदलतो आणि पुढच्याकडे कधी पाहतच नाही. पुढचा टायर अनेकदा नक्षीने न संपता वयाने संपतो. टायरच्या बाजूवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर रबर कडक होऊ लागते, खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसतात आणि नक्षी शाबूत असूनही पकड कमी होते. कमी अंतर फिरणाऱ्यांनी पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि भेगा दिसताच टायर काढावा. दहा वर्षांचा टायर नक्षी कितीही असली तरी वापरू नये. कठोर ब्रेक लावताना गाडी थांबवते ते पुढचेच चाक, हे ज्यांना पटत नाही त्यांच्याशी वाद घालणे मी सोडून दिले आहे.

उरलेल्या चुका थोडक्यात. गरम टायरमध्ये हवा वाढलेली दिसते म्हणून ती काढू नये. हवा गाडी थंड असतानाच, पुस्तिकेतल्या आकड्याने, आणि मागे कोणी बसणार असेल तर त्या भारासाठी दिलेल्या वेगळ्या आकड्याने भरावी. ट्यूबचा टायर बदलताना जुनी, ताणलेली ट्यूब पुन्हा घालू नये. दिसायला छान म्हणून रुंद टायर लावू नये, कारण मूळ रिमवर तो आकार बिघडवून बसतो आणि चेनला किंवा स्विंगआर्मला घासू शकतो. बाणाची दिशा चाक बसवण्यापूर्वी पाहावी. नवा टायर घातल्यावर पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर गाडी फार न वाकवता, अचानक ब्रेक न लावता चालवावी, कारण त्याचा वरचा गुळगुळीत थर निघून जाईपर्यंत पकड पुरेशी नसते.