ऑलवेज आणि नेव्हर वाक्यात नक्की कुठे बसतात? या चुका टाळा

फोंड्यात माझ्याकडे मराठी मीडियममधून आलेली बरीच मुलं इंग्रजीला येतात, कुणाला हॉटेलच्या फ्रंट ऑफिसचा इंटरव्ह्यू असतो, कुणाला ट्रॅव्हल डेस्कचा. शब्द चांगले असतात, स्पेलिंग ठीक असतं, पण ऑलवेज, नेव्हर, यूज्वली, ऑफन हे शब्द भलत्याच जागी जाऊन बसलेले असतात आणि अख्खं वाक्य अडखळतं. आपल्याकडे 'मी नेहमी बसने जातो' म्हणा, 'मी बसने नेहमी जातो' म्हणा नाहीतर 'नेहमी मी बसनेच जातो' म्हणा, तिन्ही चालतात, फक्त जोर इकडचा तिकडे होतो, कोकणीतही तसंच. इंग्रजीत या शब्दांना साध्या वाक्यात एक ठरलेली जागा आहे, आणि ती क्रियापद कुठलं आहे त्यावर ठरते.

इंटरव्ह्यूसाठी स्वतःबद्दल चार ओळी लिहून आण म्हटलं की साधारण असं काहीतरी येतं:

"माय फादर ऑलवेज इज बिझी. ही गोज ऑलवेज टू म्हापसा मार्केट ऑन फ्रायडेज. आय हॅव ऑलवेज टी बिफोर कॉलेज. आय डोन्ट नेव्हर मिस द बस. गेस्ट्स शुड बी ऑलवेज ग्रीटेड विथ अ स्माइल."

पाच वाक्यं, पाचही चुकलेली, आणि यातल्या चार चुका एकाच गोष्टीने सुटतात. पुस्तकात नियम असतो की मेन व्हर्बच्या आधी आणि ऑक्झिलरीच्या नंतर. नियम बरोबर आहे, पण मुलांना नेमकं तिथेच कळत नाही की हा 'हॅव' मेन आहे का ऑक्झिलरी, आणि 'इज'ला काय म्हणायचं. म्हणून मी सांगते, नावं बाजूला ठेवा आणि त्या वाक्याचा येस-नोवाला प्रश्न करून बघा. प्रश्न करताना वाक्यातलाच एखादा शब्द उठून पुढे आला, तर ऑलवेज त्या शब्दाच्या मागोमाग बसतो. कुठलाच शब्द पुढे आला नाही आणि बाहेरून डू, डझ किंवा डिड आणावं लागलं, तर ऑलवेज क्रियापदाच्या आधी बसतो. बास, एवढंच.

आता लावून बघा. पहिलं वाक्य, प्रश्न होतो "इज युवर फादर बिझी?" म्हणजे 'इज' उठून पुढे आला, तो वाक्यातलाच आहे, मग ऑलवेज त्याच्यानंतर: "माय फादर इज ऑलवेज बिझी." इथे 'इज' हेच मेन व्हर्ब आहे, दुसरं क्रियापदच नाही, तरी ऑलवेज त्याच्यानंतर येतो, आणि पुस्तकातला नियम अर्धाच पाठ केलेली मुलं इथेच फसतात. ऍम, आर, वॉज, वेअर सगळ्यांना हेच लागू.

दुसरं वाक्य, "गोज ही टू म्हापसा?" असं आज कुणी विचारत नाही, "डझ ही गो टू म्हापसा?" विचारतात. डझ बाहेरून आणलं, म्हणून ऑलवेज क्रियापदाच्या आधी: "ही ऑलवेज गोज टू म्हापसा मार्केट ऑन फ्रायडेज." क्रियापद आणि त्याच्या पुढचा शब्द यांच्या मध्ये ऑलवेज घुसवायचा नाही, "आय ईट ऑलवेज फिश" हे तर हमखास कानाला खटकतं. आणि 'ऑन फ्रायडेज', 'एव्हरी डे', 'वन्स अ वीक' असे लांब तुकडे मात्र शेवटीच ठेवा, त्यांना मध्ये ओढू नका.

तिसऱ्या वाक्यातला 'हॅव' सगळ्यात जास्त गोंधळ घालतो. चहा पिण्याच्या अर्थाने प्रश्न होतो "डू यू हॅव टी?" म्हणजे डू आणावं लागलं, मग "आय ऑलवेज हॅव टी बिफोर कॉलेज." पण "आय हॅव लिव्हड इन फोंडा" याचा प्रश्न "हॅव यू लिव्हड इन फोंडा?" असा होतो, इथे हॅव स्वतःच पुढे आला, म्हणून "आय हॅव ऑलवेज लिव्हड इन फोंडा." शब्द तोच, जागा वेगळी, आणि प्रश्न केल्याशिवाय नुसतं बघून ते ओळखता येत नाही. 'हॅव टू'चंही बघा, "डू यू हॅव टू वेट?" असं विचारतो, म्हणून "वी ऑलवेज हॅव टू वेट."

पाचव्या वाक्यात दोन मदतनीस आहेत, शुड आणि बी. प्रश्न करताना फक्त शुड पुढे येतो, बी जागेवरच राहतो, म्हणून ऑलवेज पहिल्याच्या मागे: "गेस्ट्स शुड ऑलवेज बी ग्रीटेड विथ अ स्माइल." कितीही मदतनीस असोत, पहिल्यानंतर.

राहिलं चौथं, तिथे भानगड जागेची नाही. मराठीत 'मी बस कधीच चुकवत नाही' यात कधीच पण लागतो आणि नाही पण लागतो, तेच डोक्यात ठेवून डोन्ट आणि नेव्हर दोन्ही लिहिले जातात. इंग्रजीत नेव्हरच्या पोटातच नकार आहे, दुसरा नकार नको: "आय नेव्हर मिस द बस." आणि कर्ता 'ही' किंवा 'शी' असेल तर डझन्ट गेल्यावर क्रियापदाला एस लावायला विसरू नका, "शी नेव्हर मिसेस द बस."

ऑलवेज मात्र डोन्टबरोबर चालतो, पण डोन्टच्या नंतर. "द फेरी डझन्ट ऑलवेज कम ऑन टाइम" म्हणजे पणजी-बेतीमची फेरीबोट कधी वेळेवर येते, कधी नाही. समटाइम्सचं उलट आहे, तो डझन्टच्या आधी बसतो: "द फेरी समटाइम्स डझन्ट कम ऑन टाइम." समटाइम्स आणि यूज्वली वाक्याच्या अगदी सुरुवातीलाही चालतात, ऑलवेज आणि नेव्हरने मात्र साधं वाक्य सुरू करू नका. ऑर्डर किंवा सूचना असेल तर गोष्ट वेगळी, "ऑलवेज लॉक द डोअर", "नेव्हर लीव्ह युवर बॅग हिअर", आणि इथे बी असला तरी शब्द त्याच्या आधीच येतो, "ऑलवेज बी पोलाइट."

प्रश्न विचारताना ऑलवेज कर्त्याच्या लगेच मागे ठेवा, "इज ही ऑलवेज लेट?", "डू यू ऑलवेज टेक धिस बस?" "ऑलवेज यू टेक धिस बस?" असं आपल्याकडे बोलताना सर्रास ऐकू येतं, लिहिताना आणि इंटरव्ह्यूत टाळा.

एका ठिकाणी मात्र हा सगळा हिशोब उलटतो, आणि ते माहीत नसलं की मुलं बरोबर लिहिलेलं खोडून चूक करतात. "आर यू ऑलवेज धिस अर्ली?" याला छोटं उत्तर "येस, आय ऑलवेज ऍम" असंच येतं, "आय ऍम ऑलवेज" असं नाही, कारण शेवटच्या ऍमवर आवाजाचा जोर पडतो. "आय नेव्हर हॅव लाइक्ड इट" अशी वाक्यंही इंग्रजी वाचताना सापडतील, तिथेही हॅववर मुद्दाम जोर दिलेला असतो. असं वाचलं तर चूक समजू नका, पण स्वतः पूर्ण वाक्य लिहिताना जोर द्यायचा नसेल तर "आय हॅव नेव्हर लाइक्ड इट" हेच लिहा.