बँक खात्याच्या सह्या बदलताना ठराव असा वाचू नका: या चुका टाळा

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन बाजारात येऊ लागलं, की शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या खात्यांवर पैशांची ये-जा एकदम वाढते. नेमके त्याच्या आधीच्या महिन्यात बरेच ठिकाणी संचालक बदलतात आणि नवीन सह्यांचा ठराव शाखेत येतो. ठराव चुकीचा वाचला गेला, तर कास्तकाराचं पेमेंट अडकतं किंवा ज्याला अधिकार नाही त्याच्या सहीनं पैसे जातात. दोन्हीचा त्रास गावालाच होतो. म्हणून एक नमुना ठराव घेऊन, तो शाखेत किंवा कंपनीच्या लेखापालाच्या टेबलावर कसा वाचावा, ते पाहू.

समजा वाशीम जिल्ह्यातल्या एका कंपनीचा ठराव असा आहे:

> "दि. १८ सप्टेंबरच्या सभेत असे ठरले की, राजीनामा दिलेल्या अध्यक्षांच्या जागी नवीन अध्यक्षांना चालू खात्यावर सहीचे अधिकार देण्यात यावेत. अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी व खरेदी संचालक यांपैकी कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने खाते चालेल. मात्र ५ लाख रुपयांपेक्षा जास्त रकमेसाठी त्यांतील एक सही अध्यक्षांची राहील. ५०,००० रुपयांपर्यंत मुख्य कार्यकारी अधिकारी एकट्याच्या सहीने व्यवहार करू शकतील. हा बदल १ ऑक्टोबरपासून लागू राहील. पूर्वीचा ठराव एवढ्यापुरता बदलण्यात येत आहे."

प्रमाणित प्रतीवर २५ सप्टेंबरची तारीख आहे आणि ती शाखेत २७ सप्टेंबरला पोहोचली.

पहिली चूक: "कोणतेही दोघे" वाचून पुढे न वाचणे

सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच. खात्याच्या माहितीत "संयुक्त, कोणतेही दोघे" एवढीच नोंद होते आणि "मात्र" नंतरची अट कागदावरच राहते. मग मुख्य कार्यकारी अधिकारी आणि खरेदी संचालक यांच्या सह्यांवर ८ लाखांचा चेक बिनदिक्कत पास होतो. कारण स्क्रीनवर दोन सह्या दिसतात आणि दोन्ही जुळतात. सिस्टीममध्ये अशा अटीसाठी वेगळा रकाना नसेल, तर ती सूचनेच्या जागी पूर्ण वाक्यात लिहा आणि नमुना सहीसोबत दिसेल अशी ठेवा.

नोंद बरोबर झाली की नाही हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे काठावरच्या रकमा घेणे. ५०,००० ला कोण? मुख्य कार्यकारी अधिकारी एकटे. ५०,००१ ला? तिघांपैकी कोणतेही दोघे. ५,००,००० ला? तेच, कारण अट "पेक्षा जास्त" रकमेसाठी आहे. ५,००,००१ ला? अध्यक्ष आणि उरलेल्या दोघांपैकी एक. तिघांच्या जोड्या तीनच होतात. मुख्य कार्यकारी अधिकारी व खरेदी संचालक ही जोडी ५ लाखांच्या वर चालत नाही, हे उत्तर तुमच्या नोंदीतून निघालं पाहिजे. काही ठरावांत "५ लाखांपेक्षा कमी" आणि "५ लाखांपेक्षा जास्त" असे दोनच टप्पे असतात. तिथे बरोबर ५ लाखांचा चेक कुणाच्याच वाट्याला येत नाही, आणि खरेदीच्या हंगामात गोल रकमेचे चेक भरपूर असतात.

"अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा संचालक" अशी रचना दिसली तर तिथेच थांबा. संचालक एकटे सही करू शकतात की अध्यक्षांसोबतच, हे त्या वाक्यातून कळत नाही. तुम्हाला जे योग्य वाटतं ते लिहू नका. कंपनीकडून सुधारित ठराव मागवा.

दुसरी चूक: मर्यादा कशाला लागू आहे ते न पाहणे

आपल्या नमुन्यात ५ लाख म्हणजे एका चेकचे, एका दिवसाचे, की एका फाईलचे? ठराव काहीच सांगत नाही. चेकपुरतं पाहिलं तर अडत नाही. पण कंपनी ३० कास्तकारांना प्रत्येकी ४०,००० रुपये एकाच फाईलमधून एनईएफटीने पाठवते, तेव्हा प्रत्येक रक्कम ५०,००० च्या आत आणि फाईल मात्र १२ लाखांची असते. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी ती एकट्याने मंजूर केली, तर ठरावाच्या आत राहिले की बाहेर गेले?

याचं उत्तर शाखेनं द्यायचं नाही आणि लेखापालानेही नाही. "प्रति व्यवहार, प्रति दिवस आणि प्रति फाईल मर्यादा स्पष्ट करावी" असं लेखी मागा. अध्यक्षांच्या सहीचं साधं पत्र यासाठी पुरेसं धरू नये, कारण मर्यादा मंडळानं घातली आहे आणि ती बदलणं किंवा तिचा विस्तार करणं मंडळाचंच काम आहे. स्पष्टीकरण येईपर्यंत कडक अर्थ धरा: पूर्ण फाईलची रक्कम मोजा, म्हणजे १२ लाखांच्या फाईलला अध्यक्षांची मंजुरी घ्या.

तिसरी चूक: चुकीची तारीख उचलणे

या कागदात चार तारखा आहेत: सभेची १८, प्रतीची २५, शाखेत पोहोचल्याची २७ सप्टेंबर आणि लागू होण्याची १ ऑक्टोबर. सह्यांचे अधिकार शेवटच्या तारखेलाच बदलतात. प्रमाणित प्रतीवरची तारीख फक्त प्रत कधी काढली ते सांगते, पण ती सहीच्या शेजारी ठळक असते म्हणून नेमकी तीच उचलली जाते.

घाईनं २७ तारखेलाच बदल केला, तर २८ ला जुन्या अध्यक्षांनी बारदान्याच्या व्यापाऱ्याला दिलेला चेक "सही मॅन्डेटप्रमाणे नाही" म्हणून परत जाईल, आणि तो चेक तर पूर्णपणे वैध होता. असा परतीचा चेक किरकोळ समजू नये. सह्यांचे अधिकार बदलल्यामुळे चेक परतला तरी चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं, परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८ लागू होऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लक्ष्मी डायकेम प्रकरणात म्हटलं आहे.

उलट बाजूही पाहा. २४ सप्टेंबरचा चेक ६ ऑक्टोबरला क्लिअरिंगला आला तर? चेक तारखेपासून ३ महिने चालतो आणि सही त्या दिवशी अधिकार असलेल्या माणसाची आहे. पण मागची तारीख टाकून नंतर सही केलेला चेकही अगदी असाच दिसतो. म्हणून कंपनीकडून बदलाच्या आदल्या दिवसापर्यंत दिलेल्या, अजून न वटलेल्या चेकांची यादी घ्यावी: नंबर, तारीख, रक्कम, कोणाच्या नावाने. ते पास करावेत हे वाक्य ठरावातच असेल तर उत्तम.

ठरावात "तात्काळ प्रभावाने" लिहिलं असेल तर सभेची तारीख धरा. "राजीनामा मंजूर झाल्यापासून" असेल तर राजीनामापत्र मागा. कंपनी कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे संचालकाचा राजीनामा कंपनीला पत्र मिळालेल्या किंवा पत्रात नमूद केलेल्या तारखेपासून, यांतील जी नंतरची असेल तिच्यापासून, लागू होतो. मंडळानं मंजुरी कधी दिली यावर ते ठरत नाही. आणि ठराव उशिरा, समजा ८ ऑक्टोबरला आला, तर लागू होण्याची आणि मिळाल्याची अशा दोन्ही तारखा नोंदवा.

चौथी चूक: जुना ठराव न काढणे

"एवढ्यापुरता बदल" याचा अर्थ बाकीचा जुना ठराव जिवंत आहे. त्यात लेखापालाला इंटरनेट बँकिंगवर नोंद करायचा, म्हणजे मेकरचा, अधिकार दिलेला असेल तर तो तसाच राहतो. नवीन कागदात नाव नाही म्हणून तो काढून टाकला, तर दुसऱ्या दिवशी कास्तकारांची फाईल चढवायला कुणी उरत नाही. याउलट "पूर्वीचे सर्व ठराव रद्द करून" असं लिहिलेलं असेल, तर नवीन कागदात ज्याचं नाव नाही त्याचा प्रत्येक अधिकार संपला: चेक, ऑनलाइन, सगळं. अशा वेळी लेखापालाचं नाव चुकून राहिलं का, हे कंपनीला बदल लागू होण्याच्या आधीच विचारा.