हॉटेलला कोथिंबिरीचा रतीब: आधी सहा खेपा, मग पक्का भाव

दिवाळीनंतर कोथिंबीर सगळ्यांच्याच वाफ्यात उभी असते आणि डिसेंबर-जानेवारीत बाजारात जुडीला कुणी विचारत नाही. थोडा माल ठरल्या भावाने जवळच्या हॉटेलात जावा असे वाटत असेल, तर पहिली पेरणी वीस-बावीस दिवसांची झाली की बोलणी सुरू करा. तोवर पुढच्या दोन पेरण्याही उगवलेल्या हव्यात. एकाच वाफ्याच्या भरवशावर शब्द दिला तर तिसऱ्या आठवड्यात हात रिकामे राहतात.

भेटायला दुपारी चारच्या सुमारास जा. बारा ते तीन गल्ल्यावर कुणालाच वेळ नसतो. भाव मालक ठरवतो, पण माल चांगला की वाईट हे आचारी ठरवतो, तेव्हा दोघे समोर असताना बोला. मुळे कापून, निवडून आणलेली एक किलो कोथिंबीर सोबत ठेवा आणि आधी विचारा, "शेठ, रोज किती कोथिंबीर लागते, आणि त्यातली फेकली किती जाते?" दुसरा आकडा मालकाला बहुधा माहीत नसतो. आचाऱ्याला असतो.

सगळा हिशोब त्या फेकण्यातच आहे. समजा हॉटेल किरकोळ विक्रेत्याकडून 50 रुपये किलोने घेते आणि मुळे, माती, पिवळी पाने काढून किलोमागे 650 ग्रॅम उरते. म्हणजे कामाची कोथिंबीर त्याला सुमारे 77 रुपयांना पडली, निवडणाऱ्याची मजुरी वेगळीच. तुम्हाला बाजारात मुळांसकट 30 रुपये मिळत असतील तर त्याच हिशोबाने कामाच्या किलोला सुमारे 46 रुपये झाले. निवडलेल्या मालाला 60 ते 65 मागितले तर दोघांचेही भले आहे. जुडीवर भाव कधीच ठरवू नका. जुडीचे वजन रोज बदलते आणि वाद तिथूनच सुरू होतो.

पहिल्याच भेटीत वर्षाची बोली नको. दोन आठवडे, सोमवार-बुधवार-शुक्रवार, दर खेपेला चार किलो, सकाळी साडेआठच्या आत, पैसे रोख: एवढेच मागा. या सहा खेपांत आचाऱ्याला वाया गेलेला माल वेगळा ठेवायला सांगा आणि पुढच्या खेपेला त्याच्यासमोर तोला. चार किलोत दोनशे ग्रॅमच्या वर निघाला तर निवड ढिली आहे किंवा माल ओला भरला जातोय. दवात कापून लगेच भरलेली कोथिंबीर क्रेटच्या मधोमध गरम होऊन काळी पडते, वरून मात्र हिरवीगार दिसते. म्हणून आदल्या संध्याकाळी कापा, सावलीत पसरून पाणी निथळू द्या, क्रेटमध्ये सैल भरा आणि वर ओलसर फडके टाका. प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून नेऊ नका.

आठवड्याला बारा किलो निवडलेला माल म्हणजे फार क्षेत्र लागत नाही. हिवाळ्यात गुंठ्याला साधारण शंभर किलो उत्पादन धरले आणि निवडून साठ किलो उरले, तर पाव गुंठा पुरतो. तरी दर आठवड्याला अर्धा गुंठा पेरा, उरलेला बाजारात जाईल. अर्ध्या गुंठ्याला तीनशे-चारशे ग्रॅम धने रगडून, दोन फाकी करून, रात्रभर भिजवून वापरा. खरा खड्डा थंडीत पडतो: चाळीस दिवसांत येणारी कोथिंबीर कडाक्यात पन्नास दिवस घेते. त्यासाठी नोव्हेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात पेरणीचे अंतर सातवरून पाच दिवसांवर आणा. भुरीसाठी फवारणी झाली असेल तर लेबलवरचा प्रतीक्षा काळ संपेपर्यंत त्या वाफ्याला हात लावू नका. हॉटेलची खेप दुसऱ्या वाफ्यातून भागवा.

सहावी खेप पोचली की भाव पक्का करायला बसा. सबंध हंगामाचा एकच भाव टिकत नाही. बाजार पडला की मालक कुरकुरतो, चढला की आपले मन बाजाराकडे ओढते. दर पंधरा दिवसांनी किरकोळ भाव पाहून दर ठरवा, पण खालची आणि वरची मर्यादा आधीच बांधा, उदाहरणार्थ 45 आणि 90. हॉटेलच्या सुट्ट्या त्याच दिवशी लिहून घ्या. कॉलेजची कँटीन असेल तर परीक्षा आणि सुट्ट्यांच्या तारखाही विचारा, नाहीतर तेवढ्या आठवड्यांचा माल उभाच राहील. खेप चुकणार असेल तर आदल्या रात्री आठच्या आत फोन करा, म्हणजे आचारी सकाळी बाजारातून आणू शकतो.

फळे-भाजीपाला 2016 पासून राज्यात बाजार समितीच्या नियमनाबाहेर आहे, त्यामुळे थेट विक्रीला अडचण नाही. मात्र कार्बनचे बिलबुक ठेवा आणि प्रत्येक खेपेला वजन लिहून सही घ्या. पैसे आठवड्याने, शनिवारी. दोन आठवड्यांचे बिल थकले की तिसऱ्या सोमवारी क्रेट भरू नका, आधी फोन करा.