कार्बन सायकल कागदावर मांडायची तर समुद्रापाशी घाई करू नका

कार्बन सायकलच्या नेहमीच्या चित्रात झाड, गाय, सूर्य आणि गोल फिरणारे बाण असतात, दिसायला छान, पण कार्बन कुठे किती साठतो ते त्यातून काही कळत नाही. म्हणून चित्र सोडा आणि सरळ जमाखर्च मांडा.

चार चौकोन काढा: हवा, जमीन, समुद्राचं वरचं पाणी, खोल समुद्र. सगळे आकडे अब्ज टन कार्बनमध्ये. कार्बन डायऑक्साईडचा आकडा मिळाला तर आधी 3.67 ने भागा.

हवा ते जमीन सोपं आहे. झाडं वर्षाला साधारण 120 ओढून घेतात, श्वसन आणि कुजण्यातून जवळपास तेवढंच परत जातं. प्राण्यांना वेगळा चौकोन देऊ नका, त्यांच्यातला कार्बन झाडांपुढे किरकोळ आहे.

खरी कसरत समुद्रात. "गॅस पाण्यात विरघळतो" एवढं लिहून लोक पुढे जातात आणि मग समुद्रात हवेच्या चाळीस-पन्नास पट कार्बन कसा, हे सांगताना अडकतात. विरघळतो तर ऑक्सिजनही, पण कार्बन डायऑक्साईड पाण्याशी आणि त्यातल्या कार्बोनेटशी रिअ‍ॅक्ट होऊन बायकार्बोनेट बनतो. समुद्रात विरघळलेल्या कार्बनपैकी 90 टक्क्यांच्या आसपास या रूपात असतो, गॅस म्हणून उरतो जेमतेम 1 टक्का, आणि हवेत परत निसटू शकतो तो फक्त हा गॅस. पण यात कार्बोनेट खर्च होतं, ते कमी झालं की त्याच पाण्याची पुढचा गॅस घ्यायची ताकद घटते, शिवाय पाणी थोडं आम्लाकडे सरकतं आणि शिंपले-प्रवाळांना कवच बांधणं जड जातं. त्यामुळे "समुद्र सगळं पिऊन टाकेल" म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका.

समुद्राचे दोन चौकोन का, तर वरचं पाणी हवेशी साधारण वर्षभरात जुळवून घेतं, पण खालपर्यंत पोचायला शेकडो वर्षं लागतात. ग्रीनलंडजवळ आणि अंटार्क्टिकाभोवती थंड, खारट, म्हणजे जड पाणी खाली बुडतं आणि विरघळलेला कार्बन सोबत नेतं. दुसरा बाण मेलेल्या प्लँक्टनचा, मात्र त्यातला बराचसा वाटेतच कुजतो आणि थोडाच तळाला टेकतो. हे दोन्ही बाण वेगळे काढा, आणि खालून वर येणाऱ्या पाण्याचाही एक काढा, तो हमखास राहतो.

शेवटी कोळसा, तेल, गॅस जाळणं आणि जंगलतोड: मिळून वर्षाला अंदाजे 11. त्यातले 5 हवेत राहतात, 3 समुद्रात, 3 जमिनीत. आता पडताळा: हवेत 1 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साईडचा एक रेणू, म्हणजेच सुमारे 2.13 अब्ज टन कार्बन, म्हणजे 5 ची वाढ 2.3 पीपीएमच्या आसपास यायला हवी, हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत हल्ली मोजतात तीही साधारण एवढीच असते. तुमच्या कागदावर साडेआठच्या आसपास आली असेल तर कुठेतरी 3.67 ने भागायचं राहिलंय.