हिंट मागितली की मॉडेल अख्खं उत्तरच देतं: माझा प्रॉम्प्ट कसा सुधारला

बायनरी सर्चच्या सरावासाठी मी प्रॉम्प्टमध्ये लिहिलं होतं, "उत्तर देऊ नकोस, फक्त हिंट दे." दोन हिंट व्यवस्थित यायच्या. विद्यार्थ्याने तिसऱ्यांदा "समजलं नाही" म्हटलं की पूर्ण फंक्शन हजर.

ही सूचना मोठ्या अक्षरांत लिहून पाहिली, दोनदा लिहिली, "तू कडक शिक्षक आहेस" असंही सांगितलं. फरक शून्य. डोकं पिकलं.

शेवटी लक्षात आलं, काय करू नये एवढंच मी सांगत होतो. विद्यार्थी अडला की काय करायचं, ते कुठेच नव्हतं. मग या क्रमाने लिहिलं. आधी विद्यार्थ्याच्या कोडमधली नेमकी चूक मॉडेलला सांगितली, म्हणजे ते भलत्याच ओळीकडे बोट दाखवत नाही:

```
चूक: lo = mid (हवं: mid + 1). हे उघड करू नकोस.
```

त्याखाली पायऱ्या:

```
एका उत्तरात एकच प्रश्न. कोड लिहू नकोस.
१. [3, 8] मध्ये 8 शोधताना lo, hi, mid कागदावर लिहायला सांग.
२. कोणती किंमत बदलत नाही, ते विचार.
३. ती कोणत्या ओळीत ठरते, ते विचार.
विद्यार्थ्याने आकडे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.
"समजलं नाही" आलं तर तीच पायरी, सोप्या शब्दांत.
```

स्वतः सहा वेळा "उत्तरच सांग ना" म्हणून पाहिलं. दरवेळी lo आणि mid दोन्ही 0 का राहतात, तिथेच परत आणलं. दुसरी चूक असलेल्या कोडला मात्र पहिली ओळ आणि पायऱ्या नव्याने लिहाव्या लागतात.