"हा पार्ट किती साइझचा आहे?" : ड्रॉइंगच्या फोटोवरून उत्तर देताना

डिझाइन, परचेस किंवा क्वालिटी, कुठल्याही विभागात रुजू व्हा, थोड्याच दिवसांत फोनवर एक फोटो येतोच. टेबलावर पसरलेलं घडीचं ड्रॉइंग, एक कोपरा चौकटीबाहेर, मधोमध दिव्याचा पांढरा चट्टा. खाली एकच ओळ: "हा पार्ट किती साइझचा आहे?"

विचारणाऱ्याला नेमकं काय हवंय ते त्या ओळीत नसतं. कोणाला बार कापायचा असतो, कोणाला खोका मागवायचा असतो, तर कोणाला झिजलेल्या शाफ्टच्या जागी हा बसेल का ते बघायचं असतं. "कशासाठी?" असं मी विचारतो, पण त्याच्या उत्तरासाठी अडून राहत नाही. पहिल्या ओळीत पार्टचं बाहेरचं, सर्वांत मोठं माप देतो. त्याखाली दुसऱ्या कशात तरी बसणारी मापं, त्यांच्या मर्यादांसकट. शेवटी फोटोत वाचता न आलेलं काय ते. ही शेवटची ओळ नवीन मंडळी गाळतात, कारण ती लिहिताना आपल्याला येत नाही असं वाटतं. खरं तर पुढचा खर्च त्याच ओळीवर ठरतो.

एक पायऱ्यांचा शाफ्ट घेऊ. फोटोत डावीकडून उजवीकडे असं दिसतं: Ø25 k6, लांबी ३०. मग Ø36 ची कॉलर, जाडी १२, आणि तिच्या शेजारी बारीक अक्षरात वर 0, खाली −0.1. पुढे Ø30 h7 चा भाग, त्याच्या लांबीवर नेमका चट्टा पडलाय, आकडा "60" किंवा "80". मग पुन्हा Ø25 k6, लांबी कंसात (24). शेवटी M20×1.5 आटे, लांबी १८. खाली पूर्ण लांबी १४४. टायटल ब्लॉक अर्धाच आलाय, पण "ISO 2768-m" आणि मिमी हे वाचता येतं.

आधी चट्ट्याखालचा आकडा. इथे बरेच जण फोटो झूम करून पट्टी लावतात. ते करू नका. कॅमेरा तिरका असतो, कागदाला बाक असतो, आणि मूळ A2 चं ड्रॉइंग A3 वर छापलेलं असलं तर टायटल ब्लॉकमधलं 1:1 सुद्धा खरं राहत नाही. शिवाय ड्रॉइंगवर लिहिलेला आकडा हेच माप, काढलेली रेघ नव्हे. रेघेची लांबी न बदलता फक्त आकडा बदललेली ड्रॉइंग्ज सर्रास फिरतात. नियमाप्रमाणे अशा आकड्याखाली रेघ मारायची असते, आणि फोटोत तीच आधी पुसट होते.

त्यापेक्षा बेरीज करा. ३०, १२, २४ आणि १८ मिळून ८४ होतात. पूर्ण लांबी १४४, म्हणजे उरतात ६०. "80" धरलं तर कंसातला आकडा ४ यायला हवा होता. म्हणून ६०. कंसातल्या मापाचा उपयोग इथेच: ते बनवण्यासाठी दिलेलं नसतं, बाकीच्या मापांतून निघतं, म्हणून ताळा पाहायला उत्तम.

पण त्याच कंसात एक सापळाही आहे. कोणी विचारलं, "उजव्या बेअरिंगच्या जागेची लांबी किती?" तर "२४, टॉलरन्स ±०.२" असं सांगायचा मोह होतो, कारण ISO 2768 च्या सर्वसाधारण टॉलरन्सच्या तक्त्यात ६ च्या वर ३० पर्यंतच्या मापाला m वर्गात ±०.२ मिळतो. कंसातल्या मापाला मात्र तो तक्ता लागूच होत नाही. त्याची मर्यादा इतरांच्या चुकांची बेरीज होऊन ठरते. पूर्ण लांबी १४४ ला ±०.५, ६० ला ±०.३, ३० आणि १८ ला ±०.२, कॉलर ११.९ ते १२. सर्वांत मोठी जागा तेव्हा मिळेल, जेव्हा पूर्ण लांबी १४४.५ असेल आणि बाकीचे सगळे भाग आखूड निघतील: २९.८, ११.९, ५९.७, १७.८. त्यांची बेरीज ११९.२, म्हणजे जागा २५.३. उलट टोकाला पूर्ण लांबी १४३.५ आणि बाकीची बेरीज १२०.७, म्हणजे जागा २२.८. ड्रॉइंगवर २४ लिहिलेला भाग २२.८ ते २५.३ मध्ये कुठेही निघू शकतो आणि तरी पार्ट पास असतो. तिथे काही अचूक बसवायचं असेल तर अडचण ड्रॉइंगमध्येच आहे. तसं स्पष्ट लिहून कळवायचं, स्वतःहून टॉलरन्स जोडायचा नाही.

आता या फोटोतलं सर्वांत जोखमीचं अक्षर. Ø25 च्या पुढचं ते k आहे की h?

मायक्रोमीटर हातात असलेल्या माणसासाठी फरक असा आहे. Ø25 k6 म्हणजे २५.००२ ते २५.०१५. Ø25 h6 म्हणजे २४.९८७ ते २५.०००. दोन्ही पट्टे १३ मायक्रॉनचेच, पण एक पूर्णपणे २५ च्या वर, दुसरा २५ किंवा त्याखाली. दोघांत एकही सामायिक माप नाही. k6 च्या जागेवर बेअरिंग दाबून बसतं. h6 वर ते सैल सरकूही शकतं, आणि शाफ्ट फिरताना आतली रिंग सरकत राहिली की शाफ्टच खाते. हा सगळा फरक फोटोत एका तिरक्या रेघेएवढा, आणि छपाई फिकी असली तर तीही गायब.

काही जण म्हणतात, बेअरिंगची जागा आहे, मग k6 च असणार. तर्क वाईट नाही, फिरत्या शाफ्टवर k6 नेहमीचंच आहे. पण तो तर्क आहे, वाचन नव्हे. उत्तरात मी "k6 वाटतंय, खात्री नाही, या भागाचा जवळून फोटो हवा" असं लिहितो. त्याआधी एकदा शोधतो: अक्षराशेजारी कंसात +0.015 आणि +0.002 दिलेलं आहे का? अनेक ड्रॉइंग्जमध्ये असतं. किंवा तेच माप दुसऱ्या टोकाला स्वच्छ लिहिलंय का? आपल्या शाफ्टवर Ø25 k6 दोनदा येतं. उजवीकडचं स्पष्ट असेल तर डावीकडच्याबद्दल अंदाज बळावतो, पण अंदाजच राहतो. दोन टोकांना वेगळं फिट देण्याला कोणाचीच मनाई नाही.

अक्षराचा आकारही बघायचा. लहान अक्षर शाफ्टसाठी, मोठं भोकासाठी. k चा आकार लहान-मोठा सारखाच, त्यामुळे फोटोत तो उंचीवरूनच ओळखावा लागतो. माप कशाचं आहे ते बघितलं की हा गोंधळ मिटतो: इथे बाहेरचा व्यास आहे, म्हणून मोठा K असूच शकत नाही.

Ø30 h7 ची मर्यादा २९.९७९ ते ३०.०००. फिटच्या तक्त्यात १८ ते ३० आणि ३० ते ५० असे दोन गट शेजारी असतात. नेमकं ३० कुठल्यात? "१८ च्या वर, ३० धरून" असा तो गट आहे, म्हणून वरच्यात, टॉलरन्स २१ मायक्रॉन. पुढच्या गटातला २५ घेतला तर खालची मर्यादा २९.९७५ होते, आणि नापास पार्ट पास ठरतो.

कॉलरच्या १२ शेजारच्या बारीक आकड्यांत शून्याला चिन्ह नसतं, म्हणून फोटोत ते ठिपक्यासारखं दिसून सुटतं आणि उरतं नुसतं −0.1. मग कोणीतरी ते ±०.१ वाचतं. खूण सोपी आहे: ± असेल तर आकडा मापाच्याच ओळीत आणि एकच असतो. −0.1 ओळीच्या जरा खाली लिहिलेलं दिसलं, तर वर दुसरा आकडा असणारच. तो दिसेपर्यंत वरची मर्यादा माहीत नाही असंच धरायचं.

आट्यांबद्दल थोडक्यात. M20×1.5 मधलं २० हे नावाचं माप. नेहमीच्या 6g वर्गात बोल्टासारख्या आट्यांचा बाहेरचा व्यास १९.७३२ ते १९.९६८ चालतो. व्हर्निअरने १९.८५ आलं म्हणून "माप कमी आहे" अशी तक्रार आली, तर हे सांगायला तयार राहा. ×1.5 मात्र उत्तरात कधीही गाळू नका; नुसतं M20 लिहिलं की वाचणारा २.५ चा जाडा आटा समजतो, आणि मग नट चढत नाही.

ड्रॉइंगवरच्या चौकटींतले 0.02 सारखे आकडे आणि पृष्ठभागाच्या खुणेवरचा Ra 0.8 ही मापं नव्हेत. साइझ विचारली असेल तर त्यांना हात लावू नका. फक्त "फिरतानाची डगमग आणि फिनिश वेगळं दिलंय" एवढं कळवलं तरी पुरे.

मी पाठवलेलं उत्तर साधारण असं:

"बाहेरचं माप Ø36 × 144. Ø36 ला वेगळा टॉलरन्स नाही, म्हणून ISO 2768-m प्रमाणे ३५.७ ते ३६.३; लांबी १४३.५ ते १४४.५. मधला भाग Ø30 h7, २९.९७९ ते ३०.०००, लांबी ६० (चट्ट्याखाली आहे, बेरजेवरून काढली). दोन्ही बेअरिंगच्या जागा Ø25, फिट k6 वाटतो, पक्कं नाही. कॉलर ११.९ ते १२. टोकाला M20×1.5, वर्ग दिसत नाही. टायटल ब्लॉकची उजवी बाजू फोटोत नाही, त्यामुळे मटेरियल, हार्डनिंग आणि रिव्हिजन माहीत नाही."

त्याला खरं तर बारच हवा होता. त्यासाठी पहिली ओळ पुरेशी होती: Ø40 चा बार, दोन्ही तोंडं साफ करायला तीन-तीन मिमी धरून १५० लांब. बार कापायला हरकत नाही, पण बेअरिंगच्या जागेवर शेवटचा कट किंवा ग्राइंडिंग फिटचं अक्षर पक्कं होईपर्यंत घेऊ नको, असं त्याला सांगितलं. दुसरा फोटो मागताना कागद सपाट, कॅमेरा बरोबर वरून, दिवा बाजूने, आणि दोन वेगळे फोटो मागितले: एक डाव्या टोकाचा, एक पूर्ण टायटल ब्लॉकचा. रिव्हिजनचं अक्षर आल्यावर आमच्याकडच्या ड्रॉइंगशी पडताळून बघितलं. त्याच्याकडचा कागद एक रिव्हिजन जुना होता. नव्यात कॉलरची जाडी १४ आणि पूर्ण लांबी १४६ झाली होती, त्यामुळे बार १५२ ला कापायला कळवलं.