ऑडिटच्या ओपनिंग मीटिंगमध्ये विभागप्रमुखाची ओळख: या चुका टाळा

भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मी बरीच वर्षं एमआर, म्हणजे ऑडिट सांभाळणारा मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह होतो. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीपासून हे पद सक्तीचं राहिलं नाही, पण आमच्याकडे ज्याच्या डोक्यावर ऑडिट त्याला अजून एमआरच म्हणतात.

एका सर्व्हेलन्स ऑडिटची गोष्ट. सकाळी साडेनऊची ओपनिंग मीटिंग. लीड ऑडिटरनी स्कोप, दिवसाचा प्लॅन आणि गोपनीयता सांगून झाल्यावर एकेकाने ओळख करून द्यायची होती. आमचे मेंटेनन्स हेड म्हणाले, "नमस्कार सर. मला या लाइनमधला २२ वर्षांचा अनुभव. आमच्याकडे ब्रेकडाउन जवळजवळ शून्य. पीएम शंभर टक्के होतं. गेजचं कॅलिब्रेशनही मीच बघतो."

ऑडिटर "छान" म्हणाले आणि वहीत दोन ओळी लिहिल्या. टेबलावरच्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी मात्र त्यांच्या पेनाकडे बघत होतो.

साडेअकराला ते मेंटेनन्सला आले आणि पहिलंच वाक्य, "ते शंभर टक्के दाखवा ना." ११० टनी प्रेसचं पीएम, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, दोन महिने पुढे ढकललेलं निघालं, कारण कस्टमरचा लोड होता आणि मशीन सोडायला प्रॉडक्शन तयार नव्हतं. एरवी हे समजावता आलं असतं: पुढे का ढकललं, कोणी मान्य केलं, नवी तारीख काय. पण आधी 'शंभर टक्के' म्हटल्यावर प्रत्येक खुलासा सारवासारवीसारखा ऐकू येतो.

कॅलिब्रेशनचं प्रकरण त्याहून अवघड झालं. प्रोसिजरमध्ये ती जबाबदारी क्वालिटीची होती. हेडसाहेब प्रत्यक्षात फक्त गेज बाहेर पाठवायची गाडी ठरवायचे. शॉपवर एका व्हर्नियरवरच्या स्टिकरची मुदत उलटून गेलेली सापडली. क्वालिटीने मेंटेनन्सकडे बोट दाखवलं, मेंटेनन्सने क्वालिटीकडे. जबाबदारी आणि अधिकाराच्या कलमाखाली, म्हणजे ५.३ खाली, मायनर एनसी, म्हणजे नॉनकन्फॉर्मिटी, पडली. व्हर्नियर तर सापडलाच असता, पण जबाबदारीचा घोळ आम्ही सकाळी स्वतःच्या तोंडाने टेबलावर ठेवला होता.

ऑडिटच्या व्याख्येत पुरावा म्हणजे फक्त रेकॉर्ड नव्हे. पडताळता येईल असं तोंडी विधानही त्यात बसतं. त्यामुळे ओळखीतलं वाक्य ऑडिटरच्या हातात एक टोक देतं आणि दिवसभर ते टोक ओढून बघता येतं.

मग बोलायचं काय? नाव. पद, तेही ऑर्ग चार्टवर छापलंय तसंच. चार्टवर 'सीनियर मॅनेजर' असेल तर तोंडात 'हेड' नको. या खुर्चीवर कधीपासून. कोणत्या प्रोसेस तुमच्याकडे. आणि आज तुम्ही कुठे, किती वाजेपर्यंत भेटाल. अर्ध्या मिनिटात सगळं बसतं. टक्के, बक्षिसं, जुन्या कंपन्यांची नावं, 'आमचा विभाग म्हणजे कुटुंब' वगैरे घरी ठेवा. कोणी विचारलेलं नसतं.

नव्याने आलेले प्रमुख एक वेगळी चूक करतात: रुजू होऊन तीन आठवडे झालेले असतात, पण ते मोघम "बऱ्यापैकी दिवस" म्हणतात. तारीख सांगून टाका. तुमच्या आधीचे रेकॉर्ड कोणाच्या सहीचे आहेत हे ऑडिटरना तिथेच कळतं, आणि पुढे "हे मला माहीत नाही, पण आमच्या इंजिनिअरला बोलावतो" म्हणणं सोपं जातं.

चुकीचं बोलून गेलात तर? ओळखायची खूण सोपी: पेन हललं, किंवा "कधीपासून?" असा उपप्रश्न आला. मीटिंग संपायच्या आत शांतपणे म्हणा, "सर, एक दुरुस्ती. कॅलिब्रेशन क्वालिटीकडे आहे, मी फक्त गेज पाठवण्याची व्यवस्था बघतो." कुठलाही बरा ऑडिटर याचा राग धरत नाही. बोललेलं खरं ठरावं म्हणून चहाच्या वेळात रजिस्टर भरायला मात्र बसू नका. मागच्या तारखेची सही सापडली तर व्हर्नियरचा विषय मागे पडतो आणि तुमच्या प्रत्येक कागदावरचा भरवसा जातो.

पुढच्या वर्षी तेच हेड, तेच टेबल. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं ऑर्ग चार्ट आणि प्रोसिजर समोर ठेवून बसलो होतो. ते म्हणाले, "नमस्कार. या प्लांटच्या मेंटेनन्सचा मी २०१६ पासून प्रमुख आहे. प्रेस, कॉम्प्रेसर आणि युटिलिटीचं ब्रेकडाउन व प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स माझ्याकडे. टूल रूम माझ्याकडे नाही. आज पाचपर्यंत आहे, दुपारी एक तास नसेन, तेव्हा शिफ्ट इंजिनिअर तुमच्याबरोबर असतील."

ऑडिटरनी प्लॅनवर नजर टाकली. "दुपारी कधी नाही आहात?"

"दोन ते तीन."

त्यांनी मेंटेनन्सची वेळ खोडून साडेअकरा केली आणि पुढच्या खुर्चीकडे वळले.